बाबांनी चार्ज दिला आणि खुणा गेल्या

माझे सासरे सरकारी नोकरीतून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली. सरकार मात्र त्यांच्यातून अजून निवृत्त झालेलं नाही. मयूर विहारमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये भाजीत मीठ कमी पडलं की ते मला सांगितलं जात नाही, 'निदर्शनास आणून दिलं' जातं. दूधवाल्याला समज मिळते, कामवालीला स्मरणपत्र मिळतं, तेही तोंडी. मूळचे यवतमाळकडचे. तरुणपणी एक ट्रंक घेऊन दिल्लीत उतरले, कारकून म्हणून चिकटले आणि उपसचिव होऊन बाहेर पडले. मी त्यांना बाबा म्हणते. ते मला सूनबाई म्हणतात, आणि फार रागावले तर मॅडम.

या बाबांचा एक दंडक आहे आणि या सगळ्या गोष्टीचं मूळ त्यातच आहे, म्हणून तो आधी सांगते. सरकारी माणसाची बदली झाली की तो आपल्या जागेचा चार्ज दुसऱ्याला देतो. बाबांच्या मते चार्ज देताना मागे आपलं काही ठेवायचं नसतं. कपाट रिकामं, ड्रॉवर पुसलेलं, संगणक साफ. पुढच्याला आपल्या पेन्सिलीचा तुकडासुद्धा सापडता कामा नये. 'मी गेल्यावर माझ्या खुर्चीत माझी ऊबसुद्धा नव्हती,' असं ते अभिमानानं सांगतात. मी एकदा म्हटलं, "बाबा, ऊब कशी पुसली?" तर म्हणाले, "पंखा लावून."

तर असे बाबा, आणि त्यांच्याकडे एक ई-रीडर. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर माझ्या नवऱ्यानं आणून दिला. अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, उजेड डोळ्यांत घुसत नाही, आणि छातीवर घेऊन झोप लागली तरी बरगडी मोडत नाही. बाबा त्याला पाटी म्हणतात. आधी नाक मुरडलं, मग तासभर वाचलं, मग पाटी त्यांच्या हातातून सुटेना.

ते नुसतं वाचत नसत. ओळीवर बोट फिरवलं की ती ओळ करड्या रंगात ठळक होते, हे त्यांना कळलं. त्या ओळीला चिकटवून टीप लिहिता येते, हेही कळलं. झालं! माणसाला मनासारखी फाइल मिळाली. सासूबाई होत्या तेव्हा बाबा सकाळच्या चहाला वाचलेलं त्यांना ऐकवायचे, त्या "हं" म्हणायच्या, आणि कधीकधी असं एखादं वाक्य टाकायच्या की बाबा दिवसभर अस्वस्थ. त्या गेल्यावर ऐकवणं थांबलं आणि टिपा सुरू झाल्या. एका बोटानं, अक्षर शोधत शोधत, ओठ हलवत ते लिहायचे. मी विचारलं, "काय लिहिता एवढं?" तर म्हणायचे, "अभिप्राय."

बहुतेक अभिप्राय एकाच ग्रंथावर होते. बौद्ध तत्त्वज्ञानावरचा जुना मराठी ग्रंथ, उशीएवढा जाड, कधीच छापायचा बंद झालेला. नागपूरच्या त्यांच्या एका मित्रानं तो टाइप करून घेतला, त्याचं ई-बुक बनवलं आणि स्नेह्यांना ईमेलनं पाठवलं. दुकानात मिळणारं हे पुस्तक नव्हे. केबल लावून पाटीत घालायचं. माझ्या आणि नवऱ्याच्या लॅपटॉपला बाहेरचं काही जोडलं की ऑफिसचा बंदोबस्त लगेच लाल अक्षरात ओरडतो. त्यामुळे बाबांना जावं लागलं तळमजल्यावर.

तळमजला म्हणजे आमच्या इमारतीतले एक निवृत्त लेखापरीक्षक. पुण्याकडचे, सडसडीत, आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधलेले. मी त्यांना काका म्हणते. बाबा मात्र त्यांना नावानं संबोधत नाहीत, मजल्यानं संबोधतात. "तळमजल्याचं मत काय ते मला ठाऊक आहे." आम्ही तिसऱ्या मजल्यावर, म्हणून काकाही म्हणतात, "तिसरा मजला आज गरम आहे का?" दोघं रोज सकाळी एकाच बाकावर बसून भांडतात आणि एखाद्या दिवशी एकजण आला नाही तर दुसरा माझ्याकडे चौकशीला येतो, चेहरा असा करून की जणू पाणी आलं का हे विचारायला आलाय.

काकांचं जाहीर मत होतं की यंत्रावरचं वाचन हे वाचन नव्हे. कागदाचा वास नाही, पानाचा कोपरा दुमडता येत नाही, वगैरे. पण केबल त्यांनीच लावून दिली. पुढे आणखी दोन-तीन पुस्तकंही त्यांच्याच संगणकावरून पाटीत गेली, आणि प्रत्येक वेळी कागदाच्या वासावर प्रवचन झालं.

आता संकट. आमचं एक मराठी वाचनमंडळ आहे. पहाडगंजच्या मराठी शाळेतला एक वर्ग रविवारी मिळतो, तिथं आम्ही जमतो. सेवानिवृत्त सहसचिव, प्राध्यापिका, बँकवाले, सगळे पाचवीच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसतात. या मंडळानं बाबांना त्या ग्रंथावर बोलायला सांगितलं. बाबांनी आयुष्यात शेकडो भाषणं लिहिली, पण सगळी मंत्र्यांसाठी. स्वतःच्या नावावर बोलायची ही पहिलीच वेळ. ते वरवर म्हणाले, "बघू." आणि आत शिरून नवीन सदरा इस्त्रीला टाकला.

व्याख्यानाची सगळी सामग्री पाटीत होती. कोणत्या ओळी वाचून दाखवायच्या, कुठे ग्रंथकाराशी पटत नाही, कुठे आपल्या खेड्यातला कोणता प्रसंग सांगायचा, सगळं. वेगळा कागद त्यांनी केलाच नव्हता. "दुबार काम मी करत नाही," म्हणाले.

अशात त्यांच्याकडे आमच्या गावाकडची एक मुलगी आली. राजेंद्र नगरमध्ये राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी, हुशार आणि बडबडी. दिवसभर मोबाइलवर नोट्स वाचून तिचे डोळे लाल झालेले. बाबांना आजोबा म्हणते. आजोबा विरघळले. म्हणाले, "थोडे दिवस माझी पाटी घेऊन जा." पण पाटी दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची म्हणजे चार्ज द्यायचा! मग काय, बाबांनी चष्मा लावला, सेटिंगमध्ये शिरले, 'रीसेट' शोधलं आणि पाटी आतून धुऊन, पुसून, पंखा लावून तिच्या हातात ठेवली.

पाटीनं आधी विचारलं होतं बरं का, की सगळं पुसलं जाईल, चालेल ना? बाबांनी 'होय' दाबलं. कारण माझ्या नवऱ्यानं कधीकाळी त्यांना सांगून ठेवलं होतं, "बाबा, काळजी करू नका, सगळं वर क्लाउडमध्ये असतं." बाबांचा मुलावर विश्वास. पोरगीनंही काम झाल्यावर आजोबांचा दंडक पाळला, आपल्या नोट्ससकट पाटी रीसेट करून परत दिली, आणि व्याख्यान आठवड्यावर आलेलं असताना बाबांनी ती उघडली.

मी स्वयंपाकघरात होते. बाहेरून हाक आली, "मॅडम!"

मी धावले. बाबा पाटी दोन्ही हातांत धरून बसले होते, दगावलेलं मांजर धरावं तशी.

"ही मला भाषा विचारते आहे," ते म्हणाले. "इतकी वर्षं माझ्याबरोबर राहून विचारते, भाषा कोणती."

मी म्हटलं, "थांबा, घाबरू नका." आणि पदर खोचला. माझ्या अंगात नाटकातली नायिका वास करते हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. तिला अशीच संधी लागते. भाषा निवडली, घरचं वायफाय दिलं, नवऱ्याच्या खात्याचा पासवर्ड त्याला चंदीगडला फोन करून मागितला. तो मीटिंगमध्ये होता, कुजबुजत एकेक अक्षर सांगत होता. खातं जोडलं गेलं, आणि एकामागून एक पुस्तकांची मुखपृष्ठं उगवू लागली. बाबांनी विकत घेतलेली सगळी पुस्तकं! एक कादंबरी उघडली तर पाटीनंच विचारलं की तुम्ही याआधी इथपर्यंत वाचलं होतं, तिथं जायचं का? गेलो. करड्या ओळी जागच्या जागी. टिपासुद्धा. मी दोन्ही हात वर केले आणि स्वतःभोवती एक गिरकी घेतली.

"ग्रंथ कुठाय?" बाबा म्हणाले.

गिरकी अर्ध्यात थांबली. ग्रंथ नव्हता. वर, खाली, शोधून, कुठेच नव्हता.

नवऱ्याला पुन्हा फोन. "अगं, सगळं वर असतं."

"वर नाहीये."

"नीट बघ ना यार."

"नीट बघितलं. वरच्यालाही विचारून पाहिलं. तो म्हणतो, तुझ्या नवऱ्याला विचार."

कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. तिकडच्या मुलीनं हिंदीत, अतिशय गोड आवाजात वाईट बातमी दिली. खात्यातून घेतलेल्या पुस्तकांच्या खुणा त्यांच्याकडे जपल्या जातात. केबलनं घातलेलं पुस्तक त्यांना माहीतच नसतं. त्याच्या खुणा फक्त त्या यंत्रात, आणि यंत्र रीसेट केलं म्हणजे त्याही गेल्या. "आप समझ रही हैं ना, मैम?" मी समजत होते. बाबाही समजले, कारण मी फोन स्पीकरवर ठेवला होता, आणि हे मी नंतर स्वतःला फार ऐकवलं.

बाबांनी उठून इस्त्रीचा सदरा हँगरवरून काढला, घडी घातली आणि कपाटात आत ठेवून दिला. मग म्हणाले, "मंडळाला कळवून टाक. प्रकृती अस्वास्थ्यामुळे."

"काही कळवत नाही," मी म्हटलं. "अजून दिवस आहेत."

"सूनबाई, नुसतं भाषणाचं नाही गं," ते म्हणाले, आणि पुढचं वाक्य गिळलं. पण मला कळलं. सासूबाई गेल्यापासूनचं त्यांचं सगळं बोलणं त्या ग्रंथाच्या समासात होतं.

आता माझी पाळी. मी इंटरनेटवर बसले आणि या विषयावर मन लावून भांडणारी माणसं जगात किती आहेत ते बघून थक्क झाले. त्यांच्याकडून दोन गोष्टी शिकले. पहिली अशी की बाबांच्या जातीच्या पाटीत, प्रत्येक ठळक केलेली ओळ आणि प्रत्येक टीप एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये उतरत जाते. सगळ्या पुस्तकांचं एकच बाड. दुसरी अशी की प्रत्येक पुस्तकाच्या शेजारी त्याच नावाचं एक छोटं फोल्डर उगवतं, मागे एक विचित्र शेपूट लावलेलं. पुस्तकातल्या खुणा कुठे आहेत आणि वाचणारा कुठे थांबला, हे त्या शेपटीत असतं. पुस्तक नुसतं पडून असेल तर शेपूट नसतं. पुस्तक यंत्रात जाऊन कुणीतरी वाचल्याशिवाय ते उगवत नाही. दोन्ही गोष्टी अर्थातच रीसेटमध्ये वाहून गेल्या होत्या. ज्ञान मिळालं, उपयोग शून्य.

निदान ग्रंथ तरी पुन्हा घालून घेऊ, बाबा परत वाचतील, जमेल तेवढ्या खुणा करतील, असा विचार करून मी पाटी आणि केबल घेऊन तळमजल्यावर गेले. बाबा यायला तयार नव्हते. "तळमजल्यासमोर हा पराभव मी मांडणार नाही."

काकांनी दार उघडलं, माझं ऐकून घेतलं आणि कागदाच्या वासावर बोलले नाहीत. तिथंच मला संशय यायला हवा होता. उलट चेहरा पडला त्यांचा. "सगळ्या टिपा गेल्या?" त्यांनी विचारलं.

"सगळ्या."

"अरेरे," म्हणाले, आणि ते अरेरे खरं होतं.

मी संगणकासमोर बसले. काका घाईनं पुढे आले, "मी देतो काढून, तुम्ही उठा."

"तुम्ही बसा हो काका, मी शोधते." आणि शोधायच्या चौकटीत ग्रंथाचं नाव टाइप केलं.

दोन जागी सापडला. एक नागपूरहून आलेल्या ईमेलचा, डाउनलोडमध्ये. आणि दुसरा 'जुनी वीज बिले' नावाच्या फोल्डरमध्ये.

"ते राहू द्या," काका म्हणाले. "तिथं व्हायरस आहे."

"वीज बिलांना?"

"फार जुनी बिलं आहेत."

मी फोल्डर उघडलं. आत एकही बिल नव्हतं. आत होता बाबांचा ग्रंथ, बाबांनी केबलनं घातलेली बाकीची पुस्तकं, आणि ग्रंथाच्या शेजारी त्याच नावाचं, शेपूट लावलेलं, छोटं फोल्डर. मी खुर्चीतून उडाले नाही एवढंच. शेपूट वाचल्याशिवाय उगवत नाही! म्हणजे हा ग्रंथ ईमेलमधून इथं आलेला नव्हता. हा बाबांच्या पाटीतून बाहेर आला होता. थोडं खाली सरकले, आणि ती फाइलही सापडली, सगळ्या टिपांचं बाड.

मी खुर्ची हळूहळू फिरवली. सिनेमातल्या पोलीस इन्स्पेक्टरसारखं असं वळायचंच होतं मला आयुष्यात एकदा.

"काका."

काका खिडकीबाहेर बघत होते. बाहेर फक्त पार्किंग होतं.

"तुम्ही बाबांची पाटी पूर्ण उतरवून घेतलीत?"

"सुरक्षिततेसाठी," काका म्हणाले. "लेखापरीक्षकानं प्रत ठेवावी. मागच्या वेळी पुस्तक घालायला आले तेव्हा चहा होईपर्यंत... सगळं सिलेक्ट केलं आणि ओढलं."

"आणि वीज बिलांत लपवलं?"

"तिथं कुणी बघत नाही."

"पण कशाला हो?"

काकांनी पार्किंगवरून नजर काढली. मग आतल्या खोलीत गेले आणि हातात काहीतरी घेऊन आले. बाबांच्यासारखीच पाटी! फक्त नवीन, निळ्या कव्हरातली. कागदाच्या वासाचे कैवारी!

"कुणाला सांगू नका," म्हणाले. "तो ग्रंथ मीही वाचतो आहे. त्याच्या टिपांसकट. त्या माणसाला सांगू नका, पण टिपा फार चांगल्या आहेत. बाकावर तो निम्मंही बोलत नाही यातलं."

मी ते बाड उघडलं. मराठी मजकूर, ओळीखाली ओळ, प्रत्येकीवर तारीख आणि पुस्तकातली जागा. आणि वाचता वाचता एक गंमत लक्षात आली. ही फाइल फक्त पुढे पुढे लिहीत जाते, मागचं काही खोडत नाही. वाचणाऱ्यानं एखादी टीप बदलली तर बाडात जुनीही राहते आणि नवीही येते. पुस्तकातून टीप काढून टाकली तरी बाडात ती तशीच. म्हणजे बाबांनी रागात लिहिलेलं आणि मग उपसचिवाला शोभेल असं दुरुस्त केलेलं, दोन्ही समोर!

एका ठिकाणी होतं, 'या मुद्द्यावर तळमजला काय म्हणेल ते ठाऊक आहे. तळमजल्याला उजेड कमी पोहोचतो.' आणि त्याखाली, त्याच ओळीवर, थोड्या वेळानं लिहिलेलं, 'मतभेद संभवतात.'

मी काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "ते मी वाचलं आहे."

"राग नाही आला?"

"आला ना. म्हणून तर पुढचं वाचलं."

पुढचं मीही वाचलं, आणि माझ्यावरच थांबले. 'जगात दुःख आहे' या पहिल्या आर्यसत्यावरच्या परिच्छेदाला बाबांनी टीप दिली होती, 'आज पुन्हा दुधी. दुःख आहे, हे पटले.' आणि दुरुस्त केलेली प्रत, 'विवेचन अनुभवास येते.' काका तोंडावर हात ठेवून हसत होते. म्हणजे माझ्या दुधीची कीर्ती तळमजल्यापर्यंत गेली होती.

"सूनबाई," काका एकदम गंभीर झाले. "हे घेऊन जा. पण मी वाचलंय हे त्याला कळता कामा नये. फार जिव्हाळ्याचं आहे यात काही काही. त्याला लाज वाटेल. आणि मला त्याहून जास्त."

मी वचन दिलं. वर एक अटही घातली, की व्याख्यानाला पहिल्या बाकावर बसायचं. काका म्हणाले, "बिल्कुल."

आता काम हातघाईचं होतं. डाउनलोडमधला ग्रंथ नुसता घातला असता तर तो कोरा आला असता. म्हणून बिलांमधला ग्रंथ आणि त्याचं शेपूट, दोन्ही एकत्र, नावात काडीचा बदल न करता, मी पाटीतल्या पुस्तकांच्या फोल्डरमध्ये ठेवलं. इंटरनेटवरच्या भल्या माणसांनी लिहिलं होतं की बहुतेक वेळा हे चालतं. 'बहुतेक' या शब्दाकडे मी आणि काका दोघंही बराच वेळ बघत राहिलो. संगणकाचा नीट निरोप घेऊन केबल काढली. पाटीच्या यादीत ग्रंथ उगवला. त्याच्याखाली किती वाचून झालं त्याचा आकडा होता! कोऱ्या पुस्तकाला असा आकडा कुठून येणार? मी बोट ठेवलं. ग्रंथ पहिल्या पानावर उघडला नाही. शेवटाकडच्या एका प्रकरणाच्या मध्यावर उघडला, आणि त्या पानावर दोन ओळी करड्या होत्या.

काकांनी आणि मी एकमेकांना टाळी दिली. निवृत्त लेखापरीक्षकाला टाळी देणं म्हणजे काय ते ज्यानं दिली त्यालाच कळेल. हात जड, आणि आधी इकडेतिकडे बघून घेतलेलं.

वर आले. बाबा सोफ्यावर पेपर धरून बसले होते, उलटा नव्हे, पण वाचत नव्हते हे दिसत होतं. मी जादूगारासारखी पाटीवर ओढणी टाकली, तिच्यावर हात फिरवले, काहीबाही पुटपुटले.

"मॅडम, पोरखेळ नको," बाबा म्हणाले.

मी ओढणी ओढली आणि पाटी त्यांच्या मांडीवर ठेवली.

बाबांनी पान बघितलं. मागे गेले, पुढे गेले. एक टीप उघडली, वाचली. दुसरी उघडली. मग टिपांची पूर्ण यादी उघडून खालपर्यंत सरकवत गेले. ती यादी संपता संपेना. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला.

"छापील अक्षर आहे," म्हणाले, "पण माझंच वाटतंय."

काकांनी प्रत घेतली त्यानंतरच्या टिपा मात्र आल्या नव्हत्या. शेवटचं एक प्रकरण कोरंच होतं. बाबांनी ते मान हलवून मंजूर केलं. "ते अजून डोक्यात आहे. आज बसतो." मग कडक नजरेनं, "पण हे आलं कुठून?"

मी छताकडे बोट दाखवलं. "वरून."

बाबांनी चंदीगडला फोन करून, क्लाउडवर शंका घेतल्याबद्दल मुलाची क्षमा मागितली. मी हातातली ओढणी चावली.

रविवारी आम्ही मेट्रोच्या निळ्या लाइनीनं पहाडगंजला गेलो. इस्त्रीचा सदरा, हातात पाटी, आणि पुढे शाळेच्या फळ्यावर कुणीतरी सुंदर अक्षरात लिहिलेला विषय. बाबा उभे राहिले. सुरुवातीला आवाज मंत्र्याच्या भाषणाचा होता. मग त्यांनी पाटीवर बोट ठेवलं, एक करडी ओळ वाचली आणि आपल्या गावच्या विहिरीची गोष्ट सांगितली, आणि आवाज बदलला. पुढच्या ओळीला ग्रंथकाराशी भांडले. मागच्या बाकावरची प्राध्यापिका लिहून घेऊ लागली. बाबा खुणेवरून खुणेवर जात राहिले, जशी माणसं दगडांवर पाय देत ओढा ओलांडतात, आणि शेवटच्या प्रकरणाला पोहोचले तेव्हा वर्गात पंख्याचा आवाज तेवढा होता. टाळ्या अशा पडल्या की वरच्या वर्गातून चौकीदार बघायला आला.

मग चहा. आणि चहाच्या वेळी पहिल्या बाकावरचे काका कप घेऊन बाबांजवळ गेले. मी जवळच समोसे वाटत होते.

"छान झालं," काका म्हणाले. "पण करुणा आणि दया यांतला फरक तुम्ही जो काढला होता, वहिनींच्या आजारपणाचा दाखला देऊन, तो आज का वगळलात? सगळ्यांत चांगला भाग तोच होता."

समोशाची प्लेट माझ्या हातात गोठली. काकांनाही उशिरा कळलं. त्यांनी कपात तोंड घातलं.

"मी तो बोललोच नाही," बाबा सावकाश म्हणाले. "तो मी फक्त लिहिला होता."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी समोशाकडे बघितलं. मग त्यांनी छताकडे बघितलं, मग जमिनीकडे, आणि मला दिसलं की त्यांना सगळं उमगलं.

"सगळं वाचलंत?"

"सगळं," काका म्हणाले. मान खाली.

"मी बदललेलं?"

"तळमजल्याला उजेड कमी पोहोचतो, तेसुद्धा."

मला वाटलं, आता उपसचिव उभा राहणार आणि तळमजल्याला निलंबित करणार. बाबांचा चेहरा लाल झाला, आणि ते हसू लागले. सासूबाई गेल्यानंतर मी त्यांना असं हसताना ऐकलं नव्हतं. अख्खा वर्ग वळून बघू लागला.

"मग?" डोळे पुसत बाबा म्हणाले. "त्या मुद्द्यावर उत्तर काय तुमचं?"

काकांनी झोळीत हात घातला आणि सगळ्या मंडळादेखत निळ्या कव्हरातली पाटी काढली. "लिहून आणलंय," ते म्हणाले. "तुमच्या प्रत्येक टिपेला."

"प्रत्येक?"

"दुधी सोडून. तिथं आपलं एकमत आहे."

दोघं पाचवीच्या एका बाकावर बसले, गुडघे पोटाशी, दोन पाट्या शेजारी शेजारी. बाबा आपली टीप वाचायचे, काका आपलं उत्तर वाचायचे, आणि बाबा "हं" म्हणायचे किंवा "साफ चूक" म्हणायचे. मंडळ पांगलं. चौकीदार दोनदा किल्ल्या वाजवून गेला. शेवटी मी दोघांना जवळजवळ ढकलत मेट्रोपर्यंत आणलं.

मेट्रोतही तेच. एक टीप, एक उत्तर, एक भांडण. समोर उभ्या असलेल्या पोरानं जागा दिली तर एकानं 'थँक्यू' म्हटलं आणि दुसऱ्यानं 'हे बघा, इथंच तुमचं चुकतं' म्हटलं. मयूर विहार आलं. दार उघडलं. दोघांचीही डोकी पाट्यांत. बाबा म्हणत होते, "थांबा, याच्यावर मी आधीच एक टीप केली होती, मग बदलली होती, ती मूळची काय होती?" आणि काका आपल्या पाटीतून ती शोधत होते.

मी दाराजवळ उभी होते. हाक मारली नाही. दार मिटलं, आणि आमचं स्टेशन मागे टाकून आम्ही पुढे नोएडाकडे निघालो.